पाण्याची कड म्हणजे काठ नव्हे

खाडीचा काठ खचत असल्याची तक्रार हल्ली चित्रांतून केली जाते. उपग्रहाने टिपलेली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवायची, एक जुने, एक नवे. दोन्हींवर लाल वर्तुळ काढायचे आणि खाली लिहायचे, ‘बघा, किती जमीन गेली.’ चित्र डोळ्यांना पटते, पण समोरच्या अधिकाऱ्याने ‘नेमकी किती, आणि कशावरून?’ असे विचारले की तक्रार तिथेच अडकते. माझे मत असे आहे की काठ ढासळल्याचा दावा मीटरमध्ये आणि चुकीच्या मर्यादेसकट मांडावा. नाहीतर ज्यांची जमीन खरोखर जाते आहे त्यांच्याच हाती दुबळा पुरावा राहतो.

आपल्या दारातले उदाहरण घेऊ. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये वसईच्या खाडीत पाणजू बेट आहे. बेटाच्या दोन्ही अंगांनी खाडी वाहते आणि पश्चिम रेल्वे दोन पुलांवरून ती ओलांडते. या खाडीतून सक्शन पंपाने होणारा बेकायदा रेतीउपसा आणि त्यावर महसूल खात्याच्या कारवाया, या दोन्ही गोष्टी इथल्या रहिवाशांना नव्या नाहीत. काठ सरकतो आहे का, हा प्रश्न इथे शेताच्या बांधाचा आहे आणि रोज लाखो लोक ज्यावरून जातात त्या पुलाचाही आहे.

मोजायची रीत तशी सोपी आहे. काठाला साधारण समांतर, पण जमिनीवर बऱ्यापैकी आत, एक आधाररेषा आखायची. तिच्यावर ठरावीक अंतराने, समजा दर 50 मीटरवर, काटकोनात खाडी ओलांडणाऱ्या रेषा टाकायच्या. यांना छेदरेषा म्हणू. मग जुन्या छायाचित्रावरून काठाची एक रेघ काढायची आणि नव्यावरून दुसरी. प्रत्येक छेदरेषेवर आधाररेषेपासून जुना काठ किती दूर आणि नवा किती दूर, हे मोजून वजाबाकी करायची. जो फरक येतो तेवढा काठ त्या जागी सरकला. त्याला मधल्या वर्षांनी भागले की वर्षाचा सरासरी वेग मिळतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने याच कामासाठी DSAS नावाचे साधन मोफत दिले आहे. QGIS या मोफत नकाशा-प्रणालीतही हे सगळे करता येते.

खरी अडचण काठाची रेघ कुठे काढायची इथे सुरू होते. छायाचित्रात सगळ्यात ठळक दिसते ती पाण्याची कड, म्हणून बहुतेक जण तीच गिरवतात. पण भरतीच्या खाडीत पाण्याची कड म्हणजे काठ नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि खाडीलगतचा चिखल अगदी हलक्या उताराचा असतो. समजा दोन छायाचित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत अडीच मीटरचा फरक होता आणि चिखलाचा उतार 40 मीटरला एक मीटर आहे. तर पाण्याची कड 100 मीटर सरकलेली दिसेल आणि प्रत्यक्षात मातीचा एक कणही हललेला नसेल.

हा धोका ओळखायला कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. आता, सेंटिनेल-2 आणि लँडसॅट हे नेहमी वापरले जाणारे उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या आसपास जातात. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराचे छायाचित्र भरल्या खाडीचे असते आणि अष्टमीच्या सुमाराचे जवळजवळ ओहोटीचे. ज्यांच्या घरात चांदाच्या तारखेचा हिशेब असतो त्यांना पंचांगही लागणार नाही. चौदा-पंधरा तारखेचे छायाचित्र आणि सात-आठ तारखेचे छायाचित्र यांची तुलना करून काढलेली ‘धूप’ मुळीच मान्य करू नये. खाडीत आत शिरताना भरतीला थोडा उशीर होतो, म्हणून नेमकी पातळी भरतीच्या छापील तक्त्यावरून पडताळावी.

मग रेघ कशाची काढायची? भरतीने न हलणाऱ्या खुणेची. पाणजूसारख्या ठिकाणी अशा खुणा दोन आहेत. एक, खाऱ्या पाण्याला अडवणाऱ्या बांधाचा माथा. दुसरी, कांदळवनाची बाहेरची कड. दोन्ही छायाचित्रांत एकच खूण घ्यायची. एकात बांध आणि दुसऱ्यात कांदळवन असे चालणार नाही. छायाचित्रेही एकाच ऋतूतली हवीत. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीतले छायाचित्र दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीतल्याशी ताडावे. यालाही मर्यादा आहे. नव्या चिखलावर कांदळवनाची रोपे उगवली की हिरवी कड पुढे सरकते आणि झाडे तोडली की मागे जाते. म्हणून जिथे मोठा फरक दिसेल तिथे होडीने जाऊन बघणे टळत नाही. खरोखर ढासळलेला काठ उभा कापल्यासारखा दिसतो आणि झाडांची मुळे उघडी पडलेली असतात.

दुसरी पडताळणी छायाचित्रांची. दोन छायाचित्रे नकाशावर एकमेकांवर तंतोतंत बसतातच असे नाही. इथे रेल्वेचा पूल कामी येतो, कारण तो हलत नाही. पुलाची आणि जेट्टीच्या कोपऱ्यांची जागा दोन्ही छायाचित्रांत मोजावी. पूलच सात मीटर सरकलेला दिसला तर तेवढी चूक छायाचित्राची आहे. ती आधी दुरुस्त करायची, मग काठाला हात लावायचा.

आता आकड्यांनिशी एक उदाहरण करून पाहू. हे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत, पाणजूच्या काठाचे मोजमाप म्हणून नव्हे. सहा वर्षांच्या अंतराची दोन छायाचित्रे, काठाचा एक तुकडा, दर 50 मीटरवर एक अशा सहा छेदरेषा. काठ मागे गेल्याचे मीटर अनुक्रमे 4, 9, 31, 36, 28 आणि उणे 3. उणे म्हणजे तिथे काठ पुढे आला. सहांची सरासरी साडेसतरा मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे तीन मीटर. बहुतेक अहवाल इथेच थांबतात.

पण चुकीची मर्यादा काढून बघा. प्रत्येक छायाचित्रावर रेघ काढताना सहा मीटर इकडे-तिकडे होऊ शकते आणि दोन छायाचित्रे जुळवण्यात आठ मीटरची चूक राहते, असे धरू. या चुकांची थेट बेरीज करत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात: 36, 36 आणि 64 मिळून 136, आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ 12. म्हणजे 12 मीटरच्या आतला कोणताही फरक ‘सरकला’ म्हणून मांडता येत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या छेदरेषेबद्दल आपल्याला काहीच म्हणता येणार नाही. मधल्या तिघींबद्दल मात्र ठामपणे म्हणता येईल. 31, 36 आणि 28 यांची बेरीज 95. तिला 50 ने गुणले की 4,750 चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकराला थोडी कमी जमीन. एका 150 मीटरच्या पट्ट्यात सव्वा एकर गेली, हे वाक्य ‘सरासरी वर्षाला तीन मीटर’ या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. सरासरीने नेमकी तीच जागा झाकली होती जिथे बांध वाचवायला हवा.

छेदरेषाही फसवतात. काठ वळणावर असेल तर शेजारच्या रेषा एकमेकींना छेदतात, किंवा काठाला तिरक्या भिडतात आणि अंतर फुगते. लहान नाल्याच्या तोंडाशी एकच रेषा काठाला दोनदा छेदते. ओळखायची खूण सोपी आहे. शेजारच्या रेषा आठ-दहा मीटर सांगत असताना मधलीच एखादी साठ सांगत असेल, तर आधी ती रेषा तपासा.

आणि दोन छायाचित्रे दोनच क्षण सांगतात. सहा वर्षांतले 36 मीटर म्हणजे दरवर्षी सहा, असा अर्थ होत नाही. सगळा काठ एकाच पावसाळ्यात कोसळलेला असू शकतो. कारण तर छेदरेषा सांगतच नाहीत. रेतीउपसा, भराव, बांधाची फूट की बोटींच्या लाटा, हे वेगळे शोधावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याखालचा तळ छायाचित्रात दिसत नाही. रेती काढली की आधी तळ खोल जातो, काठ नंतर ढासळतो. म्हणून ‘काठ हललेला नाही’ या निष्कर्षावरून पुलाचे खांब सुरक्षित आहेत असे कोणी म्हणू नये. त्यासाठी पाण्याची खोलीच मोजावी लागते.

माझी मागणी या सगळ्यातून येते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून या खाडीचा भाईंदरकडचा काठ ठाणे जिल्ह्यात आहे आणि पाणजू पालघरमध्ये. छेदरेषा मात्र दोन्ही काठांना भिडते. एकीकडे जमीन जाते तेव्हा दुसरीकडे गाळ साचत असू शकतो, आणि अर्धी खाडी मोजणाऱ्याला ते कळणार नाही. ढाक्यातील सीईजीआयएस ही संस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बांगलादेशच्या मोठ्या नद्यांचे काठ कुठे ढासळतील याचा अंदाज दरवर्षी देते. आपल्याला एवढी मोठी यंत्रणाही नको. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी मिळून एकच आधाररेषा आणि कायमच्या छेदरेषा ठरवाव्यात. दर हिवाळ्यात मोजणी करावी आणि प्रत्येक छेदरेषेचा आकडा छायाचित्राची तारीख, भरतीची पातळी, धरलेली खूण आणि चुकीची मर्यादा यांसह जाहीर करावा. तोवर आपली तक्रारही याच पाच गोष्टींसह जावी. तशी तक्रार खोडायची असेल तर कार्यालयालाही त्या रेषेवर येऊन मोजावेच लागेल.