आधी गेम मोड, मग कॅलिब्रेशन

रॉक बँड खेळताना ताल चुकायला लागला की लोक थेट कॅलिब्रेशनच्या स्क्रीनवर जातात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

आजचा टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरेच संस्कार करतो, त्यात उशीर होतो. आवाज साउंडबारमधून येत असेल तर त्याचा उशीर आणखी वेगळा. समजा, चित्र ९० मिलिसेकंद उशिरा दिसतंय आणि आवाज ६० उशिरा ऐकू येतोय. हे दोन आकडे दिले की गेम चित्र आवाजाच्या ३० मिलिसेकंद आधी पाठवतो, आणि तुमचा फटका ६० उशिरा येणार हे धरून चालतो. गाणं आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला हे जमतं.

पण ड्रम फिलचं काय? तिथे आवाज तुमच्या फटक्यातूनच निघतो. तो आधी कसा पाठवणार? ते ६० मिलिसेकंद कानाला जाणवतातच. थोडक्यात काय, कॅलिब्रेशन उशीर लपवतं, कमी करत नाही.

म्हणून आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, ब्लूटूथ स्पीकर असेल तर काढा. मगच मोजा: आवाजाची चाचणी डोळे मिटून, चित्राची आवाज बंद करून. दोन्ही एकत्र केलंत तर कान डोळ्यांना सांभाळून घेतात आणि आकडा फसवा येतो.

नंतर गाणं लावा. नोटा ठेक्यावरच रेषेला लागतात, तरी तुमचे सगळेच फटके उशिरा धरले जातायत? मग दोन्ही आकडे सारखेच वाढवा.