पहाटेचे स्वप्न कुठे जाते?

फजरला जाग येते तेव्हा स्वप्न डोळ्यांसमोर असते. वुजू करून येईपर्यंत त्यातले बरेचसे पुसलेले असते. असे का होते, हे मुले आम्हाला वर्गात नेहमी विचारतात.

ठळक स्वप्ने बहुधा झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. पहाटेकडे हा टप्पा लांबतो. जागेपणी मेंदूतले नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन आठवण पक्की करायला मदत करते. या टप्प्यात मात्र ते सोडणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प असतात. त्यामुळे स्वप्न दिसते, पण त्याची नोंद कच्चीच राहते.

2019 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी याच टप्प्यात जाग्या होतात. त्या तेवढ्या वेळापुरत्या बंद केल्या, तेव्हा आधी पाहिलेल्या वस्तू उंदरांनी अधिक चांगल्या ओळखल्या. म्हणजे या पेशी विसरायला लावतात. उंदराला स्वप्न विचारता येत नाही. म्हणून माणसाच्या स्वप्नांशी जोडलेला संबंध अजून अंदाजच आहे.

स्वप्न टिकवायचे असेल तर जाग येताच हलू नये, मोबाइल पाहू नये. शेवटचे दृश्य धरून मागे मागे जावे आणि दोन ओळी लिहाव्यात. आता रसायन परतलेले असते. स्वप्न नव्हे, पण त्याची ही उजळणी लक्षात राहते.