पत्राची खात्री पत्राबाहेरून

सांगलीजवळच्या एका गावात त्या संध्याकाळी पेढे आणण्याची तयारी चालली होती. घरातील मुलीला पुण्यातील एका नामवंत कंपनीचे नियुक्तिपत्र ई-मेलने आले होते. पत्रावर बोधचिन्ह होते, शिक्का होता, वेतनाचा सविस्तर तक्ता होता. शेवटी मात्र एक ओळ होती : लॅपटॉपची परत मिळणारी अनामत, रुपये ९,५००, २४ तासांत भरावी.

“बाळ, नोकरी देणाराच आपल्याकडे पैसे कसे मागतो?” वडिलांनी विचारले.

“अण्णा, लोगो तर अगदी खरा आहे,” मुलगी म्हणाली.

लोगो खराच होता. पण तो कंपनीच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतो. म्हणून दोघांनी प्रथम पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. मेलच्या माथ्यावर दिसणारे नाव पाठवणारा स्वतःच लिहितो. त्याला पुराव्याचे मोल नाही. खरी ओळख @ या चिन्हानंतरच्या भागात असते, आणि तो भाग उजवीकडून वाचावा लागतो. कंपनीचे संकेतस्थळ example.com आहे असे समजू. hr@jobs.example.com हा पत्ता कंपनीच्याच मालकीच्या नावाखालचा ठरतो, कारण त्याचा शेवट example.com ने होतो. मुलीला मेल आला होता तो hr@example-careers.com वरून. मधल्या एका आडव्या रेघेने हे नाव सर्वस्वी वेगळे झाले. असे नाव थोड्या पैशांत कोणीही नोंदवू शकतो.

एवढ्यावरून मात्र निकाल देता येत नाही. काही कंपन्या भरतीचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवतात, आणि लहान व्यावसायिक साध्या जीमेलवरूनही पत्रे पाठवतात. वेगळा पत्ता संशयाला जागा देतो; खात्री पुढच्या पायरीवर होते.

पत्राच्या तळाशी कंपनीचा २१ अक्षरांकांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापलेला होता. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर तो तपासता येतो. तेथे कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता जुळला. परंतु हा क्रमांक सार्वजनिक असतो. त्यावरून कंपनी अस्तित्वात आहे एवढेच कळते. पत्र तिनेच पाठवले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पत्रात मनुष्यबळ विभागातील एका अधिकारी बाईंचे नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांकही होता. त्या क्रमांकावर विचारले असते, तर फसवणाऱ्यानेच “पत्र खरे आहे” असे सांगितले असते. म्हणून मुलीने कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करून तेथील कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तिने तीन गोष्टी विचारल्या : या नावाच्या अधिकारी तेथे आहेत का, या संदर्भ क्रमांकाचे पत्र कार्यालयाने दिले आहे का, आणि रुजू होण्यापूर्वी काही रक्कम घेतली जाते का. पहिल्याचे उत्तर ‘आहेत’ असे आले, उरलेल्या दोहोंचे ‘नाही’. बाई खऱ्या होत्या. त्यांचे नाव मात्र परस्पर वापरले गेले होते.

आता रुजू होण्याच्या प्रक्रियेकडे पाहिले, तेव्हा बाकीच्या विसंगतीही उलगडल्या. मुलाखत केवळ व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नोत्तरांनी वीस मिनिटांत आटोपली होती. कामासंबंधी खोलात कोणी शिरले नव्हते. एरवी मुलाखत, नियुक्तिपत्र, उमेदवाराची संमती, कागदपत्रांची पडताळणी आणि मग रुजू होणे, असा क्रम असतो. लॅपटॉप कंपनी देते आणि तो मिळाल्याची सही घेते. येथे पैसे भरण्यासाठी दिलेल्या यूपीआय पत्त्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. चोवीस तासांची मुदतही याचसाठी होती की, कार्यालय उघडून फोन करण्याआधी पैसे जावेत.

मुलीने पैसे भरले नाहीत, आधार आणि पॅनच्या प्रतीही पाठवल्या नाहीत. मेल मात्र पुसून टाकला नाही. तो, ते संभाषण आणि यूपीआय पत्त्याचे छायाचित्र जोडून cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे गेलेच असते, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करणे हे पहिले काम ठरले असते. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

त्या पत्रातील कंपनी खरी होती, क्रमांक खरा होता, अधिकारी खऱ्या होत्या. खोटे होते ते पत्र, आणि ते उघडे पडले पत्रात न दिलेल्या एका दूरध्वनी क्रमांकामुळे.