ॲल्युमिनियमची वायरिंग : दोष धातूचा की सांध्याचा?

खामगाव, मलकापूर, मेहकर या बुलढाणा जिल्ह्यातील गावांत सत्तरीच्या सुमारास ज्या घरांत प्रथम वीज आली, त्यांपैकी कित्येकांच्या भिंतींवर लाकडी पट्टीला क्लिपांनी जखडलेली ॲल्युमिनियमची वायर अद्याप नांदत आहे. तांबे परदेशातून आणावे लागे, परकीय चलनाची टंचाई होती आणि बॉक्साइट देशात मुबलक होते, हे ध्यानी घेता त्या पिढीला दोष देता येत नाही. वाद आहे तो ही वायर आज ठेवावी की काढावी, याचा.

ठेवणारांची पहिली कैफियत अशी की, खांबावरची तार ॲल्युमिनियमची, मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायरही बहुधा त्याच धातूची. मग घरातच ती घातक कशी? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो, पण तो तारेविषयी बोलतो आणि सांध्याविषयी मौन पाळतो. खांबावरची तार मोकळ्या हवेत असते व तिचे सांधे त्याच धातूसाठी केलेल्या साधनांनी दाबून बसविलेले असतात. घरातल्या स्विचमध्ये मात्र तीच तार पितळी टर्मिनलात एका स्क्रूखाली चेपलेली असते. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात जो थर चढतो तो विजेला अडवतो. हा धातू दाबाखाली हळूहळू सरकून पातळ होतो. आणि तापल्यावर पितळापेक्षा अधिक फुगतो. रोजच्या तापण्या-निवण्याने स्क्रूची पकड सैल होते, सैल सांधा अधिक तापतो, आणि तापल्याने अधिकच सैल होतो.

हिशेबच करून पाहू. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. बोर्डापासून तो 10 मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याच्या 20 मीटर लांबीच्या 2.5 चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या तारेत सुमारे 18 वॅट उष्णता निर्माण होते. ती सबंध लांबीवर पसरत असल्याने तार जेमतेम कोमट होते. परंतु एकाच सांध्याचा रोध 0.2 ओमपर्यंत वाढला, तर तेथे सुमारे 15 वॅट उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, बंद लाकडी बोर्डाच्या आत, कोंडली जाते. प्रवाह मात्र 8.7 अँपिअरच्या वर गेलेला नसतो. म्हणून ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ या समाधानालाही येथे आधार उरत नाही.

‘पन्नास वर्षे काही झाले नाही’ हा दुसरा दाखला. पन्नास वर्षांपूर्वी त्या तारेवर दोन दिवे, एक पंखा आणि फार तर रेडिओ होता. आज वऱ्हाडच्या मे महिन्यात त्याच तारेवर कूलर, फ्रिज आणि कोठे कोठे एसीही चालतो. अमेरिकेत 1965 ते 1973 या काळात अशीच वायर लाखो घरांत गेली. 1974 साली न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे लागलेल्या आगीत दोन माणसे दगावल्यावर तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने तपास आरंभिला. 1972 पूर्वीच्या ॲल्युमिनियमची वायरिंग असलेल्या घरांत एखादा तरी सांधा आग लागण्याइतका धोक्याच्या अवस्थेस पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांहून 55 पट आढळली. हा निष्कर्षही सांध्यांविषयीचा आहे, हे विसरू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. चांदीसारखी तार दिसली की ‘सगळे उपटा’ असे फर्मान काढणारा मिस्त्रीही निर्दोष नाही. जुन्या रबरी वायरीतले तांबे कल्हई केलेले असे व तेही पांढरेच दिसे. मेन स्विच बंद करून ब्लेडने तार खरवडावी, आत लाल निघाली तर ती तांब्याची. रबर ठिसूळ झाले असेल तर तीही बदलावी लागेल, पण त्याचे कारण निराळे. याहून वाईट म्हणजे अर्धवट इलाज : जुन्या तारेला तांब्याचा तुकडा पिळून वर टेप गुंडाळणे. पावसाळ्यातल्या ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणजे दुरुस्तीच नवा रोग होते.

माझा पक्ष असा. गीझर, कूलर, एसी, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांच्या वायरी विनाविलंब काढाव्यात. बोर्डापासून उपकरणापर्यंत अखंड तांबे घालावे, प्लगला 2.5 आणि एसी-गीझरला 4 चौरस मिलिमीटरचे, अर्थिंगच्या तिसऱ्या तारेसह, कारण जुन्या वायरिंगमध्ये ती बहुधा नसतेच. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पट्टीवरची वायर क्लिपा उघडून निघते, भिंत फोडावी लागत नाही. तेव्हा खर्चाची भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. दिव्यांची वायर, आवरण शाबूत असेल आणि 6 अँपिअरहून मोठा एमसीबी वर नसेल, तर एखादे वर्ष थांबू शकते. मात्र स्विच हाताला गरम लागला, पट्टी तपकिरी पडली, टर्मिनलाशी पांढरी भुकटी दिसली किंवा कूलर सुरू होताच दिवा लुकलुकला, तर तेवढीही मुदत नाही. मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर महावितरणची बाब आहे. तिला हात लावू नये, आणि घरातले काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून, मेगरने तपासून, त्याच्याकडून चाचणीचा लेखी अहवाल मागून घ्यावा.