पेट्या भरते, पेट्या भरल्या: कवितेतील काळाविषयी

कवितेला ताजेपणा हवा असेल तर ती वर्तमानकाळात लिहावी आणि स्मृतीची असेल तर भूतकाळात, असा एक सल्ला आपल्याकडील काव्यशिबिरांतून सर्रास दिला जातो. तो अगदीच खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तो मराठी क्रियापदाकडे न पाहता दिला जातो, आणि त्याचा फटका बसतो तो कष्टाविषयी लिहिणाऱ्या कवितेला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारी मुले-मुली कविता लिहितात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न व्याकरणाच्या रूपात उभा असतो.

विवेचनापुरत्या तीन साध्या ओळी आम्हीच रचतो. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातील कामगार स्त्री त्या बोलते आहे असे समजावे.

दुसऱ्या पाळीत मी पेट्या भरते
सातला चहा येतो
बोटांना ग्रीसचा वास येतो

हा वर्तमानकाळ खरा. पण यात 'आत्ता' कुठे आहे? मराठीतला साधा वर्तमानकाळ बहुधा रीत सांगतो. ही बाई आज पेट्या भरते, काल भरत होती, उद्याही भरील. क्षण पकडायचा तर 'भरते आहे' म्हणावे लागते, आणि त्या 'आहे'ने ओळ लगेच लांबते, सैल पडते. म्हणजे ताजेपणासाठी म्हणून निवडलेला काळ प्रत्यक्षात न संपणारी पुनरावृत्ती देतो. पाळीच्या कवितेला ती हवीच असते, हा भाग निराळा. मात्र आपण काय निवडले हे कवीला ठाऊक असावे.

आता पहिली ओळ भूतकाळात न्यावी: 'दुसऱ्या पाळीत मी पेट्या भरल्या'. इथे नुसते घड्याळ मागे गेले नाही. 'भरते' हे क्रियापद बोलणारीचे होते. त्यात तिचे लिंग, वचन, पुरुष सगळे होते. 'भरल्या' हे पेट्यांचे आहे. प्रयोग कर्तरी होता तो कर्मणी झाला आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे गेले. हीच ओळ पुरुषाने म्हटली तरी 'भरल्या'च राहील. पेट्या बाई भरते की बाप्या, हे सांगण्याचे काम क्रियापदाने सोडून दिले. श्रम झाला, तो मालात जमा झाला, करणारी व्यक्ती 'मी' या एका अक्षरापुरती उरली. कारखान्याविषयी याहून नेमके विधान एखाद्या घोषणेतून क्वचितच निघेल, आणि ते इथे केवळ प्रत्ययाने केले आहे!

हे सर्वत्र घडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अकर्मक क्रियापदे कर्त्याशी इमान राखतात: 'मी आले', 'मी थकले'. 'शिकणे', 'विसरणे' ही सकर्मक असूनही तसेच वागतात. 'मी ते काम शिकले, मी ते काम विसरले' यांत बाई शाबूत आहे, तर 'मी ते काम केले' यात ती दिसत नाही. भूतकाळात लिहूनही 'मी' राखायची असेल तर क्रियापदाची निवड इतकी बारकाईने करावी लागते.

उरतो रीतिभूतकाळ. 'सातला चहा आला' म्हटले की तो एका संध्याकाळचा चहा झाला. पाळीचा नेम मोडला. 'सातला चहा येई' म्हटले की नेम राहतो आणि तो संपल्याचेही कळते. हे रूप मुळात जुन्या मराठीचा वर्तमानकाळ. ज्ञानेश्वरीत ते त्याच अर्थाने येते. पुढे गद्यात ते सरलेल्या सवयीचे झाले, तरी पद्यात त्याची जुनी वर्तमानछटा पुरती गेली नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत १९५४ साली आला. तिथपासूनच्या या पट्ट्यात आता निवृत्त कामगारांच्या पिढ्या आहेत. त्यांच्या आठवणींना हे रूप नेमके बसते. पण नव्या कवींना ते शाळेतल्या कवितांसारखे वाटते, म्हणून ते टाळतात. आमच्या मते हे नुकसान आहे, कारण याच्याजागी येणारे 'येत असे' तीनचार वेळा आले की कवितेचा अहवाल होतो.

नारायण सुर्वे यांची 'माझे विद्यापीठ' (१९६६) ही कविता भूतकाळात सुरू होते आणि तरीही तिच्यात शिळेपणा नाही, हे शिबिरवाल्यांनी एकदा पाहावे. ताजेपणा काळावर अवलंबून असता तर ते शक्य झाले नसते.

आमच्या तीन ओळींचे काय करावे? आम्ही त्या अशा ठेवू:

दुसऱ्या पाळीत मी पेट्या भरल्या
सातला चहा येई
बोटांना ग्रीसचा वास येतो

पेट्या गेल्या, चहाची वेळ गेली; तिसऱ्या ओळीचा काळ मात्र बदलू नये. तो वास नोकरी सुटल्यावरही येतो.