वाळवीचा बंदोबस्त : पाया उघडा आहे तोवरच

शहादे तालुक्यातील आमच्या पुरुषोत्तमनगराच्या आसपास व तापीकाठच्या गावांतून आता धाब्याच्या जुन्या घरांच्या जागी पक्की घरे उठत आहेत. घर बांधणारा शेतकरी विटा मोजून घेतो, सळई वजन करून घेतो, सिमेंटाच्या गोण्यांचा हिशोब ठेवितो. परंतु वाळवीच्या, म्हणजे ज्यास आपल्याकडे उधई म्हणतात तिच्या औषधाचे काम मात्र ‘सगळे मिळून इतके रुपये’ असे ठरवून मोकळा होतो. हे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे काम लिटरांनी मोजून व टप्प्याटप्प्याने घेतले पाहिजे. कारण त्यात राहिलेली उणीव फरशी बसल्यावर डोळ्यांस दिसत नाही आणि पुढे सहजासहजी भरूनही निघत नाही.

प्रथम कारण समजून घेऊ. आपल्या उसास व घरास लागणारी वाळवी ही जमिनीत राहणारी आहे. तिला सतत ओल लागते, म्हणून ती उघड्यावर न येता मातीची बारीक नळी बांधीत वर चढते. घरात शिरण्याच्या तिच्या वाटा ठरलेल्या असतात : पायाच्या भिंतीला लागून असलेली सैल माती, भिंत व फरशी यांमधील फट, आणि जमिनीतून वर येणाऱ्या नळांच्या भोवतालची पोकळी. तेव्हा औषधाचा हेतू वाळवी मारीत बसणे हा नसून घराच्या तळाशी व पायाच्या दोन्ही अंगांस औषधी मातीचा अखंड पडदा उभा करणे हा आहे. यातील ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा होय. बायफेन्थ्रीनसारख्या औषधापासून वाळवी दूर पळते, आणि दूर पळता पळता औषध न लागलेली फट नेमकी शोधून काढिते.

हा पडदा कसा उभारावा, हे भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. ६३१३ या मानकाच्या दुसऱ्या भागात सांगितले आहे. त्यातील प्रमाणे घेऊन एका लहान घराचा हिशोब आम्ही येथे मांडून दाखवितो. घर बाहेरून ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद असून मध्ये एक आडवी भिंत आहे, असे धरू. भिंतींची एकूण लांबी सुमारे ३६ मीटर भरते.

पहिला टप्पा पायाचे चर खणून झाल्यावरचा. चराची रुंदी पाऊण मीटर धरल्यास तळ २७ चौरस मीटर होतो, व दोन्ही बाजू तळापासून ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत घेतल्यास आणखी सुमारे २१.६ चौरस मीटर होतात. दर चौरस मीटरास ५ लिटर याप्रमाणे २४३ लिटर द्रावण लागते.

दुसरा टप्पा पायाच्या बाजूचा भराव टाकतानाचा. भिंत जमिनीत एक मीटर असेल तर दोन्ही अंगांची मिळून ७२ चौरस मीटर होते, आणि येथे प्रमाण साडेसात लिटरांचे असल्याने ५४० लिटर लागतात. माती जशी थराथराने पडेल तसे प्रत्येक थरावर, धार भिंतीच्या अंगास धरून, द्रावण ओतावे लागते. सर्वांत अधिक द्रावण याच टप्प्यास लागते व सर्वांत अधिक चुकविला जातो तोही हाच, कारण गवंडी एका दुपारी सगळा भराव लोटून मोकळा होतो. खांबांवरच्या घरास जमिनीखाली अर्ध्या मीटरापासून हे काम धरले तरी चालते.

तिसरा टप्पा जोत्याचा. आतील मुरूम ठोकून झाल्यावर, कोबा टाकण्यापूर्वी, सुमारे ४४ चौरस मीटरांस ५ लिटरांप्रमाणे २२० लिटर द्यावेत. भराव फार घट्ट बसला असेल तर द्रावण वर साचून राहते. अशा वेळी सळईने वीत-वीत नव्हे, तर १५ सेंटिमीटर अंतराने उभी-आडवी, ५ ते ७.५ सेंटिमीटर खोल छिद्रे पाडावीत. त्याच वेळी भिंतीच्या कडेने बारीक चर काढून, सळईने खालवर छिद्रे करून, तेथे साडेसात लिटरांच्या प्रमाणाने द्रावण जिरवावे. जोते ६० सेंटिमीटर उंच व आतील कडा ४० मीटर धरल्यास याचे १८० लिटर होतात.

चौथा टप्पा घर पुरे झाल्यावर बाहेरून भिंतीलगत ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत. त्यास सुमारे ६८ लिटर. नळांच्या भोवतीची मातीही अशीच भिजवावी.

सर्वांची बेरीज सुमारे १२५० लिटर होते. बायफेन्थ्रीन अडीच टक्के असेल तर १ लिटर औषधास ४९ लिटर पाणी, म्हणजे या घरास २५ लिटर मूळ औषध. आता वाचकांनीच पाहावे : ठेकेदाराचा माणूस १६ लिटरांचा पाठीवरील पंप घेऊन येतो आणि सहा वेळा भरून जोत्यावर फवारा मारून जातो. हे ९६ लिटर झाले. खरा हिशोब अठ्ठ्याहत्तर पंपांचा आहे. वास येतो, जमीन ओली दिसते, पैसे चुकते होतात; पण पडदा कोठेच उभा राहत नाही.

द्रावण पुरेसे पडले तरी काम बिघडण्याची आणखी कारणे आहेत. पावसात वा पावसाने भिजलेल्या मातीत ते मुरत नाही. औषध दिल्यावर नळासाठी पुन्हा खणले, तर तेवढी जागा पुन्हा भिजविली पाहिजे. सेंटरिंगच्या फळ्या, खुंट्या व झाडांची मुळे भरावात पुरून ठेवणे म्हणजे वाळवीस शिदोरी देणे होय. आणि घराजवळ विहीर असेल तर विशेष जपावे. हे औषध माशांस अत्यंत घातक असते, ते पाण्यात उतरता कामा नये.

आता लाकडाविषयी. साग म्हणजे वाळवीपासून निर्भय, हा समज अर्धाच खरा आहे. सागाचा गाभा टिकतो. त्याभोवतीचे पांढरे लाकूड वाळवी खाते. म्हणून चौकटीसाठी लाकूड घेताना कडेचे पांढरे पट्टे तासून टाकण्यास सुताराला सांगावे. औषध लावावयाचे ते सर्व कापणे, खाचा व भोके पूर्ण झाल्यावर. नंतर कापलेले तोंड उघडे राहते आणि वाळवी तेथूनच शिरते. बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण घरातील लाकडास चांगले, परंतु ते पाण्याने धुऊन जाते, म्हणून पावसात राहणाऱ्या लाकडास उपयोगी नाही. चौकटीचे पाय फरशीखाली मातीत गाडू नयेत.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. लाकडातून पिठासारखी बारीक पूड गळत असेल तर ते बहुधा भुंगेऱ्याचे काम होय, आणि मातीतील औषधाचा त्यावर काही उपाय चालत नाही. मातीची नळी दिसली तरच वाळवी समजावी. अशी नळी दिसताच ती पुसून टाकण्यापूर्वी कोठून निघाली ते पाहावे. पडदा कोठे तुटला आहे हे तीच दाखविते.

म्हणून आमची सूचना अशी की, ठेकेदाराशी करारात औषधाचे नाव व टक्केवारी, चारही टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचे लिटर लिहून घ्यावेत. डबे आपल्यासमोर फोडावेत, पिंपात मोजून कालवावेत, आणि प्रत्येक टप्प्यावर घरच्या एका माणसाने उभे राहावे. सरकारी बांधकामांत अशा कामाची दहा वर्षांची हमी घेण्याची रीत आहे. तीच आपणही लेखी मागावी. जो ठेकेदार लिटर लिहून देण्यास कचरतो, त्यास पाया उघडा असतानाच निरोप द्यावा.