चार टक्के कुणाचे?

गेल्या वर्षी पुसदला शिक्षणावर एक सभा होती. तिच्यासाठी सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातला मदरशांविषयीचा भाग मी सोप्या मराठीत लिहून काढला. सभेच्या आदल्या रात्री एका निवृत्त मास्तरांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "भाई, हे चार टक्के कुणाचे?"

मी लिहिले होते, "मुसलमानांची फक्त ४ टक्के मुले मदरशात जातात." मूळ अहवाल उघडला. तिथे ४ टक्के हा आकडा ७ ते १९ वयोगटातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी आहे, म्हणजे जे कुठे ना कुठे शिकत आहेत त्यांच्यापैकी. शाळेच्या वयाच्या सगळ्या मुस्लिम मुलांपैकी मात्र हे प्रमाण सुमारे ३ टक्केच भरते, कारण त्या हिशेबात कुठेच न शिकणारी मुलेही येतात. "विद्यार्थी"ऐवजी मी "मुले" लिहिले आणि शाळेबाहेरची मुले त्या वाक्यातून गायब झाली. खरे तर सभा त्यांच्यासाठीच होती.

मग बाकीचे टिपणही तपासले. "२५ टक्के मुलांनी शाळा सोडली" असे मी लिहिले होते. अहवालातले २५ टक्के ६ ते १४ वयाच्या मुलांचे आहेत, आणि त्यांत शाळेत कधीच न गेलेली आणि मधेच सोडलेली अशी दोन्ही प्रकारची मुले येतात. पहिल्यांना दाखल करून घ्यावे लागते, दुसऱ्यांना परत आणावे लागते. कामे दोन आहेत, माझ्या वाक्यात एकच उरले होते. शिवाय मकतब हा शब्द अवघड वाटला म्हणून मी सगळीकडे "मदरसा" केला होता. मशिदीला लागून असलेल्या मकतबात दोन तास दीन शिकून मूल पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. त्यालाही मदरशात मोजले, तर वरचे टक्केच निरर्थक होतात. अहवालाने हा फरक मुद्दाम स्पष्ट केलेला आहे.

माझे एकही वाक्य खोटे सांगण्यासाठी लिहिलेले नव्हते. वाक्य सुटसुटीत करताना हे घडले. सोपे करताना आकडा सहसा शाबूत राहतो. बदलते ते त्याच्या शेजारचे नाम, वय, किंवा "किंवा".

आता मी दोनदा तपासतो. आधी नवे वाचत मूळ पाहतो. त्यात मी पदरचे घातलेले सापडते. मग मूळ वाचत नवे पाहतो. गळलेले फक्त अशानेच सापडते. प्रत्येक आकड्याला विचारतो: कुणापैकी, कोणत्या वयाचे, कोणत्या वर्षीचे?

आपल्याविषयीचे आकडे इतरांनी वाकवले की आपण चिडतो. ते बरोबरच आहे. पण मग आपल्या हातून वाकलेला आकडा, आपल्या बाजूने असला तरी, सभेत वाचू नये. मी ते वाक्य रात्रीच बदलले.